बक्षीसपत्र परत घ्यायचंय? आधी त्यातली अट शोधा

घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून दिलं आणि दोन-चार वर्षांत मुलगा विचारेनासा झाला की बहुतेक जण पहिली धाव घेतात ती दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडे. "रद्दलेख करून टाकू, दोन हजारात काम होईल," असं तो सांगतो. आई किंवा वडील एकटेच सही करतात, कागद घरी येतो आणि सगळ्यांना वाटतं की घर परत आलं. ते आलेलं नसतं. बक्षीसपत्र नोंदलं गेलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारलं, की त्या क्षणी मालकी गेलेली असते. ज्याच्याकडे मालकीच उरलेली नाही त्याने एकट्याने केलेल्या रद्दलेखाला काही किंमत नसते. तो दोघांच्या सहीने व्हावा लागतो, नाहीतर ज्याला अधिकार आहे अशा कुणीतरी ते बक्षीसपत्र रद्दबातल ठरवावं लागतं.

तो अधिकार दोन ठिकाणी आहे. एक दिवाणी न्यायालय, आणि दुसरं 'आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' या कायद्याखालचं निर्वाह न्यायाधिकरण. न्यायाधिकरण म्हणजे प्रत्यक्षात प्रांताधिकाऱ्यांसमोर चालणारं काम. ते लवकर होतं, तिथे मालमत्तेच्या किमतीवर कोर्ट फी भरावी लागत नाही आणि अर्ज साध्या मराठीत चालतो. म्हणून पुढचं सगळं मुख्यतः याच वाटेबद्दल. दिवाणी दाव्याकडे शेवटी येऊ.

कलम २३ काय म्हणतं

सगळा खेळ या कायद्याच्या कलम २३ च्या पहिल्या पोटकलमावर आहे. त्याचा साधा अर्थ असा: ज्येष्ठ नागरिकाने हा कायदा लागू झाल्यानंतर आपली मालमत्ता बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे कुणाला दिली असेल, देताना घेणाऱ्याने आपल्या मूलभूत गरजा भागवाव्यात अशी अट असेल, आणि घेणाऱ्याने ती पाळली नसेल किंवा पाळायला नकार दिला असेल, तर ते हस्तांतरण फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाखाली झालं असं मानलं जाईल, आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्दबातल जाहीर करील.

यात फसवणूक सिद्ध करायला लागत नाही, ही मोठी सोय आहे. 'असं मानलं जाईल' या शब्दांत ती कायद्यानेच गृहीत धरली आहे. तुम्हाला दाखवायच्या आहेत दोनच गोष्टी: अट होती, आणि ती मोडली. लोक सगळा जोर दुसऱ्या गोष्टीवर देतात. मुलगा कसा वागला, सून काय बोलली, जेवणाचं ताट कसं पुढे सरकवलं, याची दहा पानं लिहितात. पहिल्या गोष्टीवर एक ओळही नसते आणि अर्ज तिथेच पडतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०२२ च्या निकालात नेमकं याच कारणाने आईच्या विरोधात निर्णय दिला. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली होती, असं तिच्या अर्जात म्हटलेलंच नव्हतं.

आधी तीन साधे प्रश्न विचारून घ्या. बक्षीसपत्र कधीचं आहे? महाराष्ट्रात हा कायदा २००९ मध्ये लागू झाला, त्याआधीच्या दस्ताला कलम २३ लागत नाही. देणाऱ्याचं वय तेव्हा ६० पूर्ण होतं का? कमी असेल तर समोरून पहिली हरकत तीच येणार. आणि मालमत्ता दिली कुणी? रद्द करण्याचा पर्याय कायद्याने देणाऱ्याला दिला आहे. वडिलांनी घर दिलं, ते वारले आणि आता आईची हेळसांड होते आहे, अशा प्रकरणात वडिलांच्या हिश्शापुरतं बक्षीसपत्र रद्द करून मागणं आईला फार अवघड जातं. तिने निर्वाहभत्त्याकडे वळावं.

कागद काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा

एक उदाहरण धरून चालू. समजा, पिंपरीत राहणाऱ्या एक काकू आहेत, वय ७२. फ्लॅट १९९४ मध्ये त्यांच्या स्वतःच्या नावावर घेतलेला. यजमान गेल्यानंतर २०१९ मध्ये त्यांनी तो थोरल्या मुलाला बक्षीसपत्राने दिला. राहतं घर मुलाला द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. त्यामुळे मृत्युपत्रापेक्षा हेच बरं असं कुणीतरी सुचवलं. (हा सल्ला देणाऱ्याने मृत्युपत्र कधीही बदलता येतं आणि बक्षीसपत्र बदलता येत नाही, एवढं सांगायला हवं होतं.) २०२२ पासून मुलाने औषधं आणणं बंद केलं, स्वयंपाक वेगळा झाला आणि २०२३ च्या पावसाळ्यात काकू साताऱ्याला मुलीकडे जाऊन राहिल्या.

काकूंकडे बक्षीसपत्राची प्रत नाही, मूळ कागद मुलाच्या कपाटात. अडून बसायचं कारण नाही. दस्त नोंदलेला असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो, ती मिळते. दस्त क्रमांक आठवत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरच्या ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकतीवरून शोधता येतो. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या फाइलमध्येही एक प्रत असते, कारण सभासदत्व बदलताना ती द्यावी लागते.

प्रत हातात आली की पेन्सिल घेऊन बसा. दस्तात तुम्ही 'लिहून देणार', मुलगा 'लिहून घेणार'. तीन प्रकारची वाक्यं शोधायची.

पहिलं, सांभाळाचं वाक्य. ते बहुतेकदा मधल्या किंवा शेवटच्या पानावर, मिळकतीच्या वर्णनाच्या आसपास दडलेलं असतं: "लिहून घेणार हे लिहून देणार यांचा तहहयात सांभाळ करतील," किंवा "लिहून देणार यांना सदर मिळकतीत तहहयात राहण्याचा हक्क राहील." पहिलं वाक्य असेल तर तुमची निम्मी लढाई झाली. दुसरं एकटंच असेल तर त्याने अट पूर्ण सिद्ध होत नाही, पण निवारा ही मूलभूत गरज आहे आणि तो देण्याचं ठरलं होतं, एवढं त्यावरून मांडता येतं.

दुसरं, कारणाचं वाक्य. "लिहून घेणार हे लिहून देणार यांची सेवा-शुश्रूषा करीत आले आहेत व पुढेही करतील या विश्वासाने" अशी भाषा असेल तर अधोरेखित करा. नुसतं "नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी" असेल तर त्याचं काय होतं ते खाली पाहू.

तिसरं वाक्य तुमच्या विरोधातलं: "सदर बक्षीस बिनशर्त, कायमचे व अपरिवर्तनीय आहे." टायपिस्टच्या संगणकात हा मजकूर तयार पडलेला असतो आणि कुणी न सांगता तो दस्तात शिरतो. तो दिसला म्हणून धीर सोडू नका, पण लपवूही नका. समोरचा पक्ष तेच पान पहिल्यांदा उघडणार आहे.

दस्तात अट नसेल तर

छतरपूर, मध्य प्रदेश इथलं प्रकरण माहीत असायलाच हवं. आईने ७ सप्टेंबर २०१९ रोजी मुलाच्या नावे बक्षीसपत्र केलं, ते दोन दिवसांनी नोंदलं गेलं. आईचं म्हणणं असं की त्याच दिवशी मुलाने एक वेगळं वचनपत्रही लिहून दिलं होतं: मी आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईने बक्षीसपत्र परत घ्यावं. मुलाने ते वचनपत्र बनावट असल्याचं सांगितलं. प्रांत, जिल्हाधिकारी आणि उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती आईच्या बाजूने गेले. मग उच्च न्यायालयाच्याच खंडपीठाने निकाल फिरवला: बक्षीसपत्रातच अट हवी, वेगळ्या कागदातली चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी खंडपीठाचा निकाल रद्द केला. दोन्ही कागद एकत्र वाचले, कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावायला हवा असं सांगितलं, आणि ताबा आईला देण्याचा आदेश केला. बक्षीसपत्र रद्द करताना न्यायाधिकरण ताबाही देववू शकतं, हेही या निकालात स्पष्ट झालं. अर्जाला जोडायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर 2025 INSC 20 या क्रमांकाने शोधा.

तेव्हा दस्तात काही सापडलं नाही तर दुसरे कागद शोधा. आपल्याकडे त्याला वचनपत्र म्हणत नाहीत. ते शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचं हमीपत्र असतं, नोटरीपुढचा समजुतीचा करार असतो, कधी भावंडांच्या बैठकीत वहीच्या पानावर सगळ्यांनी सह्या करून लिहिलेलं असतं. तारीख बक्षीसपत्राच्या जितकी जवळ, तितका कागद वजनदार. तो खोटा आहे असं मुलगा म्हणणारच, म्हणून स्टॅम्पपेपर कुणी, कधी विकत घेतला, नोटरीच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे का आणि साक्षीदार आज हयात आहेत का, हे आधीच पाहून ठेवा.

आणि कुठेच काही लिहिलेलं नसेल तर? इथे न्यायालयांमध्ये एकमत नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२० मध्ये अट दस्तात स्पष्ट हवी असं म्हटलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये उलट भूमिका घेतली: म्हातारपणी मुलांना प्रेमापोटी दिलेल्या मालमत्तेत सांभाळाची अपेक्षा गृहीतच असते. महाराष्ट्रातल्या प्रांतांना यातलं कुठलंच बंधनकारक नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मात्र आहेत, एक कडक आणि एक उदार. तोंडी अटीवर अर्ज करता येतो, पण ती अट अर्जात ठामपणे लिहायला हवी. कधी ठरली, कुणासमोर ठरली, त्यानंतर मुलाने किती महिने ती पाळली, हे सगळं आलं पाहिजे. शेवटचा मुद्दा विशेष कामाचा. बक्षीसपत्रानंतर वर्ष-दीड वर्ष मुलाच्या खात्यातून दर महिन्याला ठरावीक रक्कम येत होती आणि मग ती थांबली, असं पासबुकात दिसत असेल, तर काहीतरी ठरलं होतं हे ते पासबुकच सांगतं. अशा अर्जासोबत निर्वाहभत्त्याची मागणी जरूर जोडा, म्हणजे रद्द करण्याची मागणी फेटाळली गेली तरी हात रिकामे राहत नाहीत.

आपल्या काकूंच्या दस्तात पाचव्या पानावर एक वाक्य सापडलं, असं धरू: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचा अन्न, वस्त्र, औषधोपचार यासह तहहयात सांभाळ करावयाचा आहे." सहाव्या पानावर टायपिस्टचं "बिनशर्त" हेही आहे. दोन्ही वाक्यं एकाच दस्तात असताना नेमकेपणाने लिहिलेली अट छापील शब्दामुळे पुसली जात नाही, असं अर्जात मांडायचं.

हेळसांड तारखांनी सांगा

"मुलगा बघत नाही" या वाक्यावर समोरून उत्तर येतं, "मी बघतो, बहीण भडकवते." मग प्रांतांसमोर दोन वाक्यं उरतात, पुरावा काहीच नसतो. म्हणून मूलभूत गरज एकेक घ्या आणि तिच्यासमोर तारीख आणि कागद ठेवा. काकूंच्या बाबतीत हा पुरावा असा बसतो: मधुमेहाच्या औषधांची मे २०२२ पासूनची बिलं मुलीच्या मोबाइल पेमेंटची, रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर नातेवाईक म्हणून मुलीचं नाव, कौटुंबिक निवृत्तिवेतनाच्या पासबुकात मुलाकडून एकही जमा रक्कम नाही, शेजारच्या आजोबांचं शपथपत्र की स्वयंपाकघराला कुलूप असायचं, आणि मुलाचा व्हॉट्सॲप मेसेज, "तुला तिकडेच बरं आहे, इकडे येऊ नकोस." या एका मेसेजला दहा पानांच्या तक्रारीपेक्षा जास्त वजन आहे, कारण तो स्पष्ट नकार आहे आणि कायद्यात 'नकार' हाच शब्द आहे. मेसेजची छापील प्रत द्या, पण तो फोन विकू नका आणि चॅट पुसू नका.

असा मेसेज नसेल तर तो नकार मिळवता येतो. स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, मुलाला साधं पत्र पाठवा: अमुक दस्तातल्या अटीप्रमाणे माझी औषधं आणि राहण्याची सोय पंधरा दिवसांत करावी. वकिलाची नोटीस नसली तरी चालतं. त्याने सोय केली तर उत्तमच. नाही केली किंवा उलट उत्तर दिलं तर पोचपावतीसह ते पत्र तुमचा पुरावा झालं.

अर्ज

अर्ज जिथे तुम्ही राहता, आधी राहत होतात किंवा मुलगा राहतो तिथल्या उपविभागाच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. काकूंनी साताऱ्यात केला तर प्रवास वाचेल, पण पुढे ताबा, सोसायटी, दुय्यम निबंधक सगळे पुणे जिल्ह्यातले. अंमलबजावणीचा विचार करता मिळकत जिथे आहे तिथेच करावा, असं माझं मत. मुंबईत हे काम उपजिल्हाधिकाऱ्यांकडे चालतं. चालता येत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकृत करून अर्ज देता येतो. नेमकं कार्यालय कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर विचारा.

अर्जाचा गाभा चार परिच्छेदांत बसतो. त्यातला अटीचा परिच्छेद साधारण असा असावा:

"मी अर्जदार हिने दिनांक __ रोजीच्या नोंदणीकृत बक्षीसपत्राने (दस्त क्रमांक __) माझी स्वकष्टार्जित मिळकत सामनेवाले यांना, त्यांनी माझा तहहयात सांभाळ करावा या अटीवर दिली. सदर अट दस्ताच्या पान क्रमांक __ वर नमूद आहे. सदर अट नसती तर मी मिळकत दिली नसती. दिनांक __ पासून सामनेवाले यांनी सदर अट पाळलेली नाही."

शेवटचं वाक्य तारखेशिवाय सोडू नका. त्याखाली हेळसांडीचे तपशील आणि मग मागण्या. मागण्यांत लोक "बक्षीसपत्र रद्द करावे" एवढंच लिहितात आणि आदेश मिळाल्यावर अडतात. पाच गोष्टी मागा: बक्षीसपत्र कलम २३ अन्वये रद्दबातल जाहीर करावं, मिळकतीचा ताबा अर्जदाराला द्यावा, दुय्यम निबंधक, सोसायटी किंवा तलाठी यांना नोंद घेण्याचे निर्देश द्यावेत, प्रकरण चालू असताना मिळकत विकू किंवा गहाण ठेवू नये, आणि निर्वाहभत्ता, तोही अंतरिम. कायद्यात भत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. अंतरिम भत्त्याची तरतूद कायद्यात स्पष्ट आहे, विक्रीवरच्या मनाईची तशी नाही, त्यामुळे ती मिळेलच असं धरून बसू नका. अर्जाची पोच मिळाली की त्याच दिवशी सोसायटीच्या सचिवांना आणि घरावर कर्ज असेल तर बँकेला प्रत देऊन टाका. प्रकरण चालू असल्याचं कळूनही ज्याने घर घेतलं, त्याला नंतर "मला माहीत नव्हतं" म्हणता येत नाही.

मुलाने घर आधीच तिऱ्हाइताला विकलं असेल, आणि त्याने पूर्ण किंमत मोजून, काहीही माहिती नसताना घेतलं असेल, तर प्रकरण खूप कठीण होतं. म्हणून कलम २३ ला स्वतःची मुदत नसली तरी थांबण्यात धोका आहे. बक्षीसपत्र मुलगा आणि सून अशा दोघांच्या नावावर असेल तर दोघांनाही सामनेवाले करा.

सुनावणी

पहिल्या तारखांना प्रांत बहुतेक वेळा समेट अधिकाऱ्याकडे पाठवतात. तिथे मुलगा म्हणेल, "चला, मीच उलट बक्षीसपत्र करून देतो." ऐकायला छान, पण खर्च पाहा: २०० रुपयांची सवलत मुलं आणि नातवंडं अशा यादीपुरती आहे, त्या यादीत आई-वडील नाहीत. मुलाकडून आईकडे येताना शुल्क घराच्या बाजारमूल्याच्या टक्क्यांत लागतं. समझोता झालाच तर तो तोंडी ठेवू नका, न्यायाधिकरणाच्या आदेशात उतरवून घ्या.

कायद्याच्या कलम १७ प्रमाणे वकिलाला इथे उभं राहता येत नाही. काही उच्च न्यायालयांनी वकिलांना परवानगी दिली आहे, त्यामुळे समोर वकील दिसला तर दचकू नका. ज्येष्ठ व्यक्तीने स्वतः बोलावं. हे मी आग्रहाने सांगतो, कारण प्रांत हमखास एक प्रश्न विचारतात: "आजी, हा अर्ज तुमचा की लेकीचा?" मुलीने आधी उत्तर दिलं की प्रकरण बहीण-भावाच्या भांडणात वाहून जातं. काकूंना दस्ताची तारीख पाठ नसली तरी चालेल. पण घर का दिलं, काय ठरलं होतं, कधीपासून बंद झालं आणि आता काय हवं, हे त्यांच्या तोंडून यायला हवं. ऐकू कमी येत असेल तर आधीच लेखी म्हणणं द्या.

सून घरात राहत असेल तर ती कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सामाईक घरातला आपला हक्क पुढे करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं आहे की ज्येष्ठांचा कायदा वापरून तो हक्क मोडून काढता येत नाही, दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागतो. सुनेचं मुलाशी खरंच भांडण असेल तर प्रांत ताब्याबाबत सावधपणे जातील. मुलानेच आईला हरवायला तिला पुढे केलं असेल, तर ते तारखांवरून दाखवा: तिचा अर्ज तुमच्या अर्जानंतर किती दिवसांनी आला?

आदेश हातात आल्यावर

आदेश तुमच्या बाजूने झाला की त्याच आठवड्यात दोन-तीन प्रमाणित प्रती काढा. एक दुय्यम निबंधकाला, म्हणजे दस्ताला रद्द झाल्याची नोंद लागेल. एक सोसायटीला, भागप्रमाणपत्र पुन्हा तुमच्या नावावर करण्याच्या अर्जासोबत. जमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी, शहरात मालमत्ता पत्रक असेल तर नगर भूमापन कार्यालयात. या नोंदी झाल्याशिवाय कागदोपत्री मालक मुलगाच दिसतो आणि त्याला कर्ज काढता येतं. ताबा सुटत नसेल तर त्याच न्यायाधिकरणाकडे अंमलबजावणीचा अर्ज द्या.

आदेश विरोधात गेला तर ६० दिवसांत अपील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी पातळीवर, अपील करता येतं. कायद्याच्या शब्दांत अपिलाचा हक्क फक्त ज्येष्ठाला किंवा पालकाला आहे. मुलांना तो आहे की नाही यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत, म्हणून मुलगा बहुधा थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करतो. जिंकलात तर तिथे कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळत नाही. ते ९० दिवस चालतं, नंतर पुन्हा टाकावं लागतं.

दिवाणी दावा कधी

बक्षीसपत्र २००९ च्या आधीचं असेल, अट कुठेच सापडत नसेल, किंवा सहीच फसवून घेतली असेल ("बँकेचे कागद आहेत, आई, इथे सही कर"), तर दिवाणी न्यायालय हीच वाट. इथे फसवणूक किंवा दबाव गृहीत धरला जात नाही, तुम्हाला सिद्ध करावा लागतो. शिवाय मुदत तीन वर्षं, फसवणूक कळल्यापासून. इथे वकील लागतोच. प्रांतांकडे दोन वर्षं काढून मग दिवाणीत जायचं ठरवलं तर मुदत संपलेली असू शकते, म्हणून सही फसवून घेतल्याचा संशय असेल तर वकिलाला पहिल्याच महिन्यात कागद दाखवा.

अजून बक्षीसपत्र केलेलं नसेल तर

टायपिस्टला "बिनशर्त" हा शब्द काढायला सांगा आणि हे वाक्य घालायला लावा: "लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना तहहयात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार पुरवावयाचा असून, सदर अटीवरच हे बक्षीस दिले आहे. अटीचा भंग झाल्यास हे बक्षीसपत्र २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ अन्वये रद्दबातल ठरवून मागण्याचा हक्क लिहून देणार यांनी राखून ठेवला आहे." काही जण जास्तीची खबरदारी म्हणून "लिहून देणार यांच्या मर्जीनुसार केव्हाही रद्द करता येईल" असं लिहून घेतात. ते घालू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे नुसत्या मर्जीवर परत घेता येईल असं ठरलेलं बक्षीस निरर्थक ठरतं. तो शब्द वाढवला तर मुलाच्या वकिलाच्याच हातात मुद्दा जातो.